कपाटाखालच्या वाट्या

देवासच्या आमच्या हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी मी. डेंग्यूची नोटीस मीच लिहिली आणि सगळ्यांच्या दारांवर चिकटवली, आपलं दार तेवढं सोडलं. सेक्रेटरीच्या घरी कसले डास! माठ नि टाकी झाका, आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा, फुटके डबे पालथे घाला, तापकऱ्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, असं सगळं त्यात होतं.

शेजारी म्हणाले, "भिया, हमारे यहाँ तो सब सूखा है. अपना देख लो."

थोड्याच दिवसांत आमची थोरली लेक तापानं फणफणली. हाडं मोडतात म्हणून कण्हत होती. तिला भरदुपारी मच्छरदाणीत निजवलं. धाकटीला तरी वाचवायचं म्हणून मी घर धुंडाळू लागलो. सगळं कोरडं होतं, तरी तिच्या घोट्यांवर डास गुपचूप येऊन बसत होते.

शेवटी जाळीच्या कपाटापाशी वाकलो. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. पाणी आटलं की आम्ही वरून घालायचो, वाटी कधी रिकामी केलीच नव्हती. स्वच्छ पाण्यात काहीतरी वळवळत होतं. माझी सावली पडली, आणि सगळं एकदम तळाशी गेलं. मी श्वास रोखून थांबलो. मग एकेक वर आलं, जणू मी गेलो का ते बघायला.

बायकोनं नि मी मिळून कपाट उचललं, वाट्या उन्हात ओतल्या, घासल्या. मी पुन्हा पाणी घालायला गेलो, तर तिनं हात धरला.

"राहू द्या कोरड्याच," ती हळूच म्हणाली. "मुंग्या निदान येताना दिसतात हो."