शीग काढलेला चमचा

आमच्या घरात माप म्हणजे शिगोशीग. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आमचे कोणी पूर्वज कारकुनी करायला झाशीला आले. सोबत काय काय आणलं ते ठाऊक नाही, पण वाटी भरली की वर तांदळाचा डोंगर उभा राहिला पाहिजे, हा दंडक नक्की आणला. सपाट माप दुकानदारानं द्यावं, घरच्यानं नव्हे. एकदा पाहुण्याला सपाट चमचा साखर घालून चहा दिला, तर आईनं मला चारचौघांत विचारलं होतं, "तब्येत बरी आहे ना रे?"

हे सांगायचं कारण म्हणजे माझी नात.

लेक बाळंतपणाला आमच्याकडे, झाशीतल्या प्रेम नगरात आली होती. जूनचा महिना. बाळ दीड महिन्याचं झालं तरी वजन काट्यावर हलेना. डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी सांगितलं, अंगावरचं चालूच ठेवा, वर डब्यातलं दूध द्या. लेक ढसाढसा रडली. तिला वाटलं, आपण नापास झालो. मग बापाचं काळीज जे करतं तेच माझ्या काळजानं केलं : नको तिथे उडी मारली. म्हटलं, "तू झोप. सकाळी अकराची आणि दुपारी चारची बाटली माझी."

"तुम्ही?" बायकोनं पोळी लाटता लाटता विचारलं. "तुम्हाला स्वतःचा चहा उतू न घालवता करता येत नाही."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ऑफिसात तीस वर्षं फाइली चाळलेला माणूस, डब्यावरची सूचना वाचता येणार नाही? वाचली की. तीस मिली पाण्याला एक चमचा. नव्वद मिलीला तीन. सोपं. चमचा डब्यातच होता, तो मी आमच्या घराच्या रीतीनं भरला. वर बारीक सुळका येईपर्यंत.

चार दिवस मी स्वतःवर फार खूश होतो. सकाळी पाणी उकळून सुरईत ओतून ठेवायचो, म्हणजे दिवसभर गार पाणी तयार. बाळानं बाटली अर्धी सोडली तर उरलेलं फ्रीजमध्ये, पुढच्या वेळी कोमट करून पुन्हा द्यायचं. अन्न टाकायचं नाही, हाही आमच्या घरातला दंडक. बायको एकदा म्हणाली, "अहो, ते उष्टं नाही का झालं?" मी म्हणालो, "नातीचं उष्टं नातीलाच. त्यात काय विटाळ?"

पाचव्या दिवशी बाळ कुरकुरायला लागलं. शी दोन दिवस झाली नव्हती. कुंथून कुंथून लाल होई आणि लंगोट मात्र कोरडे. ओठ सुकलेले. पिऊन झालं तरी आणखी हवं असल्यासारखं तोंड हलवी. लेक घाबरली. "बाबा, ये नॉर्मल नहीं है," ती म्हणाली. घाबरली की तिचं मराठी आधी पळून जातं. दुपारच्या झळा लागत होत्या, तरी आम्ही रिक्षा करून सीपरी बाजारातल्या दवाखान्यात गेलो. मी पिशवीत डबा, बाटली, सगळा सरंजाम घेतला, कारण मला खात्री होती की दोष डब्याचाच.

डॉक्टरीणबाईंनी टाळू चाचपली, जीभ पाहिली, वजन केलं. म्हणाल्या, "अभी घबराने की बात नहीं. पण पाणी कमी पडतंय हिला. दूध कोण बनवतं?"

मी छाती पुढे काढली.

त्यांनी नर्सबाईंना हाक मारली. नर्सबाई जवळच्या मोठ गावच्या, तोंडानं खणखणीत. त्यांनी मला हात धुवायला लावले आणि टेबलापाशी उभं केलं. "बाबूजी, जैसे घर पे बनाते हो, वैसेई बनाओ."

मी पहिला चमचा भरला. त्यांनी भुवया उंचावल्या. दुसरा भरला. तिसऱ्याला त्यांनी माझं मनगट धरलं.

"काए बाबूजी, बारात परोस रए हो का?"

वऱ्हाडाला वाढल्यासारखं! मागे बायको खो खो हसली. लेकीनं नाइलाजानं पदर तोंडाला लावला.

नर्सबाईंनी तीन चमचे पुन्हा तसेच भरायला लावले, कोरडी स्वच्छ सुरी घेतली, प्रत्येक चमच्यावरून सरळ फिरवली आणि वरचा डोंगर वाटीत पाडला. दाबायचं नाही, ठोकायचं नाही, फक्त शीग काढायची. मग वाटीतलं पुन्हा चमच्यानं मोजलं. दीड चमचा! म्हणजे माझ्या नातीला नव्वद मिली पाण्यात तीनऐवजी साडेचार चमचे जात होते. एवढ्या घट्ट दुधानं पोट आवळतं आणि बाळाला तहानच लागते, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कमी भरलं तर उलटा त्रास, उपाशी राहील. आणि पाणी आधी मोजून घ्यायचं, भुकटी नंतर.

"और पानी कैसा?" नर्सबाई.

"उकळून गार केलेलं," मी म्हणालो. आवाज आता लहान झाला होता.

तेही चुकलं होतं. भुकटी निर्जंतुक नसते, म्हणून पाणी चांगलं कढत हवं, सत्तर अंशांच्या खाली गेलेलं नको. लिटरभर उकळून झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. मग बनवलेली बाटली गार पाण्यात धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायची. फ्रीजमधल्या उष्ट्याचं मी सांगितलं तेव्हा मात्र नर्सबाई हसल्या नाहीत. "मुँह लगा दूध एक घंटे में खतम, नहीं तो नाली में. लार जाती है उसमें, कीड़े बढ़ते हैं. बच्ची बड़ी है कि दूध?"

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, उद्या संध्याकाळपर्यंत लंगोट नीट ओले झाले नाहीत, उलट्या झाल्या किंवा बाळ मलूल वाटलं, तर ताबडतोब आणा.

घरी आल्यावर लेकीनं डबा स्वतःकडे ओढला. ते मला फार लागलं. मी म्हटलं, "एक संधी दे." ती म्हणाली, "मी बघत उभी राहणार."

दुसऱ्या दिवशी अकराला मी बाटली आधी उकळली, मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावला, सुरी पुसून कोरडी केली. शीग काढताना आठ-दहा पिढ्या वरून बघताहेत असं वाटलं. निववायला नळ सोडला तर टाकीचं पाणी चहा करण्याइतकं तापलेलं! शेवटी पातेल्यात माठातलं पाणी घेऊन बाटली धरली, टोपणाला पाणी लागू न देता. मनगटावर थेंब टाकला. कोमट.

बाळ सत्तरेक मिली प्यायलं आणि झोपलं. मी बाटली हातात घेऊन मोरीपाशी उभा राहिलो. वीस मिली. एवढंसंच.

"ओता," बायको म्हणाली. "मी डोळे मिटते हवं तर."

ओतलं.

संध्याकाळपर्यंत पाच लंगोट ओले झाले. लेक खिडकीत वाळत घातलेले लंगोट मोजत होती, मी तिच्या मागून मोजत होतो, आणि दोघंही मोजत नसल्याचं दाखवत होतो. चारच्या बाटलीनंतर ढेकर काढायला बाळाला मांडीवर घेतलं. ते कुंथलं, लाल झालं, आणि माझ्या धुवट पायजम्यावर तीन दिवसांचा हिशेब एकदम चुकता झाला.

"झाली! अगं, झाली!" मी ओरडलो.

लेक धावत आली, बघितलं आणि हसत सुटली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा, पोट धरून. मग तिनं जावयाला फोन लावला आणि मला म्हणाली, "बाबा, हलू नका. त्यांना व्हिडिओवर दाखवायचंय."

मी हललो नाही.