पहिल्या नमुन्याचा निगेटिव्ह

तो फॉर्म मी वाचला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बरेच दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका सरकारी रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्ण मला दिसत नाहीत. मला दिसतात त्या त्यांच्या नळ्या, नळ्यांवरचे नंबर आणि नळीला रबराने गुंडाळलेला कागद. पावसाळा सरता सरता तापाचे नमुने वाढतात. डेंग्यू, लेप्टो, आणि गेली काही वर्षं स्क्रब टायफस. गवतात, झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक किड्यांच्या अळ्या चावल्या की हा आजार होतो. चावलेल्या जागी कधी कधी काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाईमाणसाच्या लक्षातही येत नाही. काखेत, कमरेला, स्तनाखाली, अशा झाकलेल्या जागी असते.

रक्तात या आजाराविरुद्ध तयार होणाऱ्या आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी आम्ही आठवड्यातून दोनदा करायचो. प्लेटच्या खळग्यांत सीरम, म्हणजे रक्तातला पेशी वगळलेला द्रव, घालायचं, टप्प्याटप्प्याने द्रव घालायचे, धुवायचं. शेवटी खळगा पिवळा होतो. जितकी प्रतिपिंडं जास्त, तितका पिवळा गडद. यंत्र त्या पिवळेपणाला एक अंक देतं. आमची रेघ होती पॉइंट पाच. वर गेला तर पॉझिटिव्ह, खाली राहिला तर निगेटिव्ह. ही रेघ दुसऱ्या भागातल्या लोकांच्या अनुभवावरून घेतलेली होती. आपल्याकडच्या निरोगी माणसांची रक्तं तपासून स्वतःची रेघ ठरवायला हवी, हे मला माहीत होतं. त्यासाठी रक्तदात्यांचे नमुने परवानगीने गोळा करून फ्रीझरमध्ये ठेवलेही होते. आज करू, उद्या करू, असं करत ते तिथेच राहिले.

त्या दिवशीच्या प्लेटवर एका बाईंचा अंक आला पॉइंट बेचाळीस. मी रिपोर्टवर निगेटिव्ह लिहिलं आणि सही केली.

दुपारी वॉर्डातून एका निवासी डॉक्टर मुलीचा फोन आला. "मॅडम, त्या फुलंब्रीकडच्या पेशंटचा अंक किती आला?"

"पॉइंट बेचाळीस."

"म्हणजे रेघेच्या जवळच आहे ना?"

"जवळ म्हणजे खालीच. कट-ऑफ म्हणजे कट-ऑफ. उद्या तू म्हणशील पॉइंट तीनही जवळच आहे."

ती "बरं मॅडम" म्हणाली. फोन ठेवल्यावर मी डबा खाल्ला. मेथीची भाजी होती, हेही मला आठवतं, कारण त्या पाच मिनिटांतलं सगळंच मी नंतर पुन्हा पुन्हा आठवत बसले.

दोन दिवसांनी ती मुलगी स्वतः प्रयोगशाळेत आली. जिने उतरून धावत आल्यासारखी. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटोत एक काळी खपली होती, भोवती लालसर कडं.

"डाव्या स्तनाखाली आहे. मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. डॉक्सीसायक्लिन सुरू करू का, असं आमच्या वॉर्डच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, रिपोर्ट येऊ दे. तुमचा निगेटिव्ह आला तेव्हा म्हणाले, ब्लाउज काचून झालं असेल. आज सकाळपासून पेशंटला दम लागलाय. आयसीयूत नेलंय."

मी फाईल काढली. फॉर्मवर तिचं बारीक, तिरकं अक्षर होतं. तापाचा दिवस : चौथा. त्याखाली : डाव्या स्तनाखाली काळी खपली, स्क्रबची दाट शंका.

चौथा दिवस. ही प्रतिपिंडं रक्तात नीट दिसायला साधारण पहिला आठवडा सरावा लागतो. चौथ्या दिवसाच्या रक्तात आजार असतो, पण शरीराने त्याचा पुरावा अजून तयार केलेला नसतो. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. तेव्हा फळ्यावर चढती रेषा काढते आणि सुरुवातीच्या भागावर बोट ठेवून सांगते, इथे फसाल. त्या रेषेवर ही बाई नेमकी तिथेच उभी होती.

"आत्ताच औषध सुरू करा," मी म्हणाले. "सरांशी मी बोलते. रिपोर्टची वाट बघायची नाही."

"तुम्ही परवा म्हणाला होतात..."

"परवा मी चुकले. तू जा."

एवढं मी तिला म्हणू शकले. सरांना फोन केला तेव्हा मात्र 'नमुना लवकर घेतला होता' एवढंच सांगितलं, जणू चूक सुई टोचणाऱ्याची होती.

औषध सुरू झालं. दोन दिवसांत ताप उतरला, फुप्फुसं सावरायला दहा दिवस लागले. त्या दिवसांत मी रोज काहीतरी निमित्त काढून आयसीयूच्या दारापर्यंत जायचे आणि काचेतून बघून परत यायचे. पन्नाशीतली बाई. हातांवर गवत कापल्याच्या जुन्या रेघा. दोन म्हशी होत्या घरी, बांधावरचं गवत ती स्वतः कापून आणायची, हे मला त्या मुलीने सांगितलं.

पहिल्या नमुन्यानंतर तेरा दिवसांनी आम्ही दुसरा नमुना घेतला. उपचाराला त्याचा आता उपयोग नव्हता, बाई बऱ्या होत होत्या. पण हा ताप नेमका कशाचा होता हे ठरवायला तो लागणार होता. नुसता दुसरा अंक मोठा आला असता तरी पूर्ण खात्री झाली नसती. ही प्रतिपिंडं महिनोन्महिने रेंगाळतात, आणि रोज गवतात हात घालणाऱ्या बाईला गेल्या हंगामातही हा आजार होऊन गेलेला असू शकतो. एकाच माणसाच्या दोन नमुन्यांत अंक चढला, तर मात्र आजार आत्ताचा. शिवाय रोजच्या प्लेटचा रंग थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून फ्रीझरमधून तिचं पहिलं सीरम काढलं आणि दोन्ही एकाच प्लेटवर, शेजारशेजारच्या खळग्यांत लावली.

शेवटचा द्रव घातला. एका खळग्यात फिकट पिवळी झाक, पाण्यात हळदीचं बोट बुडवल्यासारखी. शेजारचा गडद पिवळा. यंत्राने अंक दिले, पॉइंट एकोणचाळीस आणि दोन पॉइंट सात. मी खुर्चीवर बसले.

रिपोर्ट न्यायला तिचे यजमान आले. पांढरा सदरा, हातात पिशवी. त्यांनी दोन्ही कागद काउंटरवर शेजारी ठेवले.

"मॅडम, आधीच्या कागदावर हा रोग नव्हता. आता हाय. मग मधल्या दिवसांत कुठं लागला? हिथं, तुमच्या दवाखान्यातच ना?"

"नाही हो. आजार पहिल्यापासूनच होता. रक्तात दिसायला वेळ लागतो."

"मग निगेटिव्ह कसं लिवलं?"

मी उत्तर द्यायला हवं होतं. लिहिणारी मी, फॉर्म न वाचणारी मी. मी म्हणाले, "तपासणीला मर्यादा असतात." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कागद घडी करून पिशवीत टाकले आणि गेले. त्यांना पटलेलं नव्हतं हे मला दिसत होतं. मी त्यांना थांबवलं नाही.

त्यानंतर मी रक्तदात्यांचे ते नमुने बाहेर काढले. खरं सांगायचं तर त्यामागे कामाची निष्ठा नव्हती. मला वाटत होतं, आपल्या भागाची खरी रेघ बरीच खाली येईल, त्या बाईंचा पहिला अंक त्या रेघेच्या वर जाईल, आणि मग दोष रेघेचा ठरेल. निरोगी लोकांचे अंक घेतले, त्यांची सरासरी आणि पसारा काढून रेघ बसवली. ती थोडी खाली सरकली. बाईंचा पहिला अंक तरीही खालीच राहिला. कुठलीही रीतसर रेघ असती तरी चौथ्या दिवशी ती बाई निगेटिव्हच ठरली असती. दोष अंकाचा नव्हताच. त्या अंकाशेजारी मी काय लिहिलं आणि फोनवर काय बोलले, त्याचा होता.

महिन्याभराने ती बाई कानाच्या तपासणीसाठी आली. आजारात डावा कान मंद झाला होता, आत सतत शिट्टी वाजायची. निवासी डॉक्टर मुलीने मला कळवलं. मी गेले, तिच्या उजव्या बाजूला बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. फॉर्मवर खपलीचं लिहिलं होतं, मी वाचलं नाही, विचारणारीला गप्प केलं, त्यामुळे औषधाला दोन दिवस उशीर झाला.

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मंग तवाच का नाय सांगितलं?"

"भीती वाटली."

"मला आता सांगून काय व्हनार? आमच्या मालकाला सांगा. ते गावभर सांगत्यात, दवाखान्यात गेलं की रोग लागतो. माझी जाऊ तीन दिवस झाले तापानं पडली हाय. लई म्हनलं, हिकडं आना. आनू देत नाईत."

मी एक वाक्य गिळलं होतं, आणि ते फुलंब्रीजवळच्या एका घरात दुसऱ्या बाईच्या उशाशी जाऊन बसलं होतं.

तिने नंबर लावून दिला. मी यजमानांना तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी 'मर्यादा' हा शब्द न वापरता.

"म्हंजे चूक तुमची व्हती," ते म्हणाले.

"हो. माझी."

"दवाखान्यात लागलं नाय?"

"नाही. गवतातून आलं होतं. तुमच्या वहिनींच्या अंगावर कुठे काळी खपली आहे का, घरातल्या बायांना बघायला सांगा. असो वा नसो, आजच आणा."

खपली होती, कमरेला, परकराच्या नाडीखाली. संध्याकाळी गाडी करून त्यांनी वहिनीला आणलं. रक्त घेतलं आणि रिपोर्टआधीच पहिली गोळी दिली. तिचाही पहिला अंक रेघेखालीच आला. या वेळी मी रिपोर्टवर लिहिलं : ताप चौथा दिवस, खपली आहे. या अंकावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. उपचार थांबवू नयेत. दहा ते चौदा दिवसांनी दुसरा नमुना पाठवावा. आता लवकर आलेल्या प्रत्येक नमुन्याच्या रिपोर्टवर अशाच ओळी जातात, आणि फॉर्मवर तापाचा दिवस नसेल तर मी स्वतः वॉर्डात फोन करते.

जाऊ तिसऱ्या दिवशी जेवायला लागली. यजमान तिच्यासाठी डबा घेऊन यायचे. जिन्यात दोनदा समोर आले. मी थांबले, ते थांबले नाहीत. मला ते बरोबरच वाटलं. त्यांच्या बायकोचा डावा कान पुढेही पूर्ण सुधारला नाही. मंद आवाजातलं बोलणं तिला आता त्या बाजूने ऐकू येत नाही.