लूमच्या खडखडाटात लिहिलेली मौनसूत्रं

माझ्या बोलण्याची कीर्ती तेव्हा टेंभुर्णीपर्यंत पोचली होती. तिथल्या चौकात ट्रक थांबायचे ते चहासाठी नव्हे, माझा आवाज ओसरेपर्यंत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मी लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचो. वीज गेली की बाकीची शेडं शांत व्हायची, आमचं मात्र चालूच वाटायचं.

त्याच कारखान्यात काचेच्या केबिनमध्ये बसून एक मुलगी टॉवेलच्या किनारीची डिझाइनं काढायची. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि फावल्या वेळात जुन्या सुभाषितांसारखी एका ओळीची वाक्यं लिहायचा नाद. मी तिला लग्नाचं विचारलं. तिनं शांतपणे सांगितलं, "तुमच्याशी लग्न केलं तर जन्मात माझं एक वाक्य पुरं व्हायचं नाही."

"व्हईल की! मी स्वतः पुरं करून देईन."

"बघा. हेच."

मग तिनं अट घातली. मौनावर किंवा ऐकण्यावर एक वाक्य आणायचं. ते चालू लूमच्या पलीकडून नुसत्या ओठांनी सांगायचं. आमच्या शेडमध्ये कानाचा काही उपयोग नसतो, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. तिला ते एका दमात कळलं पाहिजे आणि त्यातला एकही शब्द तिला काढता येऊ नये. जमलं तर पुढचं बोलू.

मी छाती फुगवून पहिलं वाक्य नेलं : मौन हे माणसाच्या जीवनातील अत्यंत मौल्यवान असे रत्न आहे. अर्ध्यावरच ती जांभई देऊन वळली. चहाला म्हणाली, "'अत्यंत' काढा. 'मौल्यवान' काढा, रत्न काय फुकट मिळतं व्हय? आता उरलं 'मौन रत्न आहे'. हे तर शाळेच्या भिंतीवर असतंय."

दुसरं नेलं : ऐकणारा मोठा, बोलणारा लहान. हे तिनं ओठांवरून झटकन वाचलं. मी मनात मांडव घातला, आचारी ठरवला, अर्धं सोलापूर जेवायला बसवलं.

"आता उलटं करा," ती म्हणाली. "बोलणारा मोठा, ऐकणारा लहान. हेबी तितकंच खरं वाटतंय की नाही? उलटं करूनही जे तसंच डुलतं ते पोकळ. टाका."

मांडव उतरवला.

तिसरं : गप्प बसलेला प्रत्येक माणूस ऐकतच असतो असे नाही, काही जण आतल्या आत सुरीला धार लावत असतात, म्हणून सावध राहावे. ह्यावर मात्र तिचे डोळे चमकले. "माल हाय ह्यात. पण 'सावध राहावे' कशाला? दाखवलं की झालं, उपदेश केला की वाक्य मरतं. सुरीबी नको, धार म्हटली की सुरी आपोआप दिसते." कापत कापत तिनं केलं : गप्प बसून धारही लावता येते. झकास झालं. पण निम्मं तिचं, म्हणून मोजणीत धरलं नाही.

मी तर हजारभर वाक्यं लिहिली असतील. बरं, चाळीस. सगळी पडली. शेवटी एका दुपारच्या सुट्टीत हात टेकून विचारलं, "तुम्ही कसं करता ओ?"

ती सांगायला लागली. आधी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी धरायचं, विचार नव्हे. मग त्यातला 'मी' काढायचा, कारण वाचणाऱ्याला तिथं बसायला जागा लागते. वाक्याचं पहिलं अंग ओळखीचं ठेवायचं, दुसऱ्यात वळण द्यायचं. मग तिच्या नान्नांचं सांगितलं, म्हणजे वडिलांचं. मग लहानपणीचा हातमाग, रंगाच्या हौदात पडलेली मांजर, महिनाभर गुलाबी फिरणारी. मांजरीवर माझ्याकडे ह्याहून भारी किस्सा होता. तो आठवलासुद्धा नाही. चहावर साय धरली. भोंगा झाला तेव्हा मला कळलं की मी इतका वेळ स्वतःतून बाहेर, तिच्या अंगणात त्या मांजरीमागं होतो.

लूम सुरू झाले. मी जागेवरूनच ओठ हलवले :

ऐकणारा घराबाहेर असतो.

केबिनकडे निघालेली ती थांबली. बोटांवर एकेक शब्द धरून काढून बघितला. एकही निघेना. मग उलटं केलं असणार, कारण 'नाही जमत' अशी मान हलवली. घराबाहेरचा कुठं ऐकतोय, तो तर फोनवर बोलत असतो. आणि मग ती हसली, अशी की शेडमधले सगळे धागे एकदम तुटायला हवे होते. तुटले नाहीत, हे मालकाचं नशीब.

तिचे ओठ हलले. मी एका दमात वाचलं :

"रविवारी घरी या. नान्ना लई बोलतात."

गेलो. सकाळी बसलो तो दिवेलागणीला उठलो. त्यांचं एकेक वाक्य मी पुरं होऊ दिलं. मी निघताना दारात नान्ना तिला म्हणाले, "पोरगा चांगलाय. पण जरा मुका वाटतोय."