कोपराच्या फटीतली बोटं

कात्रीमावशीला नम्रपणा कधी जमला नाही, आणि जमावा असं तिला वाटलंही नाही. फोटो स्टुडिओत ती नवी होती तेव्हा छापील फोटोतली माणसं नखाएवढ्या कात्रीने कापून दुसऱ्या देखाव्यावर चिकटवायची. नाव तेव्हाचं. पुढे कात्री गेली, कॉम्प्युटर आला, पण नाव राहिलं आणि तोराही राहिला. "माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, ते मला विचारा," असं ती येईल त्याला ऐकवायची. स्टुडिओचा मालक तिचा सख्खा भाचा, पण तिच्यापुढे त्याची ब्र काढायची टाप नव्हती.

एके दिवशी एक शिक्षिका फोटो घेऊन आली. वडिलांना हॉस्पिटलमधून घरी सोडलं त्या दिवशीचा, हॉस्पिटलच्याच मागच्या दाराच्या पायऱ्यांवर काढलेला. अगदी खाली, कॅमेऱ्याजवळ, नातवंडं बसलेली. बऱ्याच पायऱ्या वर शिक्षिका आणि तिची आई, दोघींत चांगलं हातभर अंतर. आईच्या पाठीशी, आणखी एक पायरी वर, अर्धे झाकलेले वडील. मागे पिवळी भिंत आणि कचऱ्याचे डबे. वडील त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. सगळे एकत्र असलेला फोटो एवढा एकच. आईला तो घरात लावायचा होता, पण ते डबे दिसले की तिच्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलच उभं राहायचं.

"आधी दुसरीकडे दिला होता," शिक्षिका म्हणाली, आणि तो नमुना तिने पुढे केला. मागे छान बाग, पोरं टवटवीत, आणि वडिलांचा एक कान अन् खांदा झाडीत गडप.

"मशीनवर सोपवून चहाला गेला असेल मेला," मावशी कडाडली. "फोकस पोरांवर आहे, म्हणून बाबा जरा पुसट आलेत. पुसट दिसलं की मशीनला वाटतं, ही भिंतच."

"मग त्यांना स्पष्ट करून पुढे आणता येईल?"

"मुळीच नाही. चिकटवल्यासारखे दिसतील. ते जिथे उभे होते तिथेच राहतील, आणि दिसतील. फोटो बघायला याल तेव्हा आईला घेऊनच या."

मावशीने बैठक मारली. प्रत्येक माणसाचा काठ तिने वेगळा काढला, पोरांचा धारदार, वडिलांचा मऊ. त्यांच्या पांढऱ्या केसांच्या कडेवर भिंतीचा पिवळेपणा उतरला होता, तो काढला. पायऱ्या तशाच ठेवल्या, कारण पायांच्या सावल्या त्यांच्यावर होत्या. बागेचा फोटोही निवडून घेतला, तेवढ्याच उंचीवरून काढलेला आणि ऊन त्याच बाजूचं असलेला. मग ती बाग वडिलांपेक्षाही थोडी जास्त पुसट केली, म्हणजे ती त्यांच्या मागेच राहील. शेवटी राहिल्या फटी: दोन डोक्यांमधली, खांद्यांमधली, आईचं कोपर आणि कंबर यांच्यातली. तिथे पिवळं दिसेल ते झाकून हिरवं आणायचं, हे काम ती डोळे मिटूनही करायची. या खेपेला तिने खरंच डोळे मिटले म्हणायचे.

आई आली. पडद्यासमोर बसली. नवऱ्याचा चेहरा पाहून हसली. मग हळूच वाकली.

"यांचा हात कुठे गेला?"

"कोणता हात, वहिनी? हात मागे आहेत त्यांचे," मावशी ठासून म्हणाली.

"नाही हो. इथे." आईने कोपराच्या फटीवर बोट ठेवलं. "मला पायऱ्यांची भीती वाटते. तोल जातो. हे स्वतः धड उभे राहू शकत नव्हते, पण माझा स्वेटर मागून घट्ट धरून ठेवला होता. म्हणूनच तर पुढे येत नव्हते फोटोला."

शिक्षिका पुढे वाकून फटीकडे पाहू लागली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

मावशीने मूळ फोटो मोठा केला. फटीत पिवळट, पुसट असं काहीतरी होतं. तिने ते पोपडे उडालेला गिलावा समजून झाकलं होतं. नीट पाहिल्यावर नखं दिसली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. जे मशीनने केलं, तेच तिने केलं होतं.

पण हार मानणारी ती नव्हे. "बसा वहिनी. मी पुसलेलं नाही, नुसतं झाकलंय. खाली आहे सगळं."

तिने फटीवरचं झाकण मऊ ब्रशने अलगद उघडायला घेतलं. हिरव्यातून एक बोट वर आलं, मग दुसरं, मग स्वेटरची मुठीत धरलेली चुणी. बोटांवरचा पिवळेपणा तिने जपून उतरवला. आईचा हात नकळत स्वतःच्या पाठीकडे गेला आणि कमरेपाशी तसाच राहिला.

"आता बरोबर," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

भाच्याने प्रिंट काढायला हात पुढे केला. मावशीने तो झटकला आणि खुर्ची आईच्या आणखी जवळ ओढली.

"थांब रे. वहिनी, आता प्रत्येक फट दाखवते. तुम्ही सांगा, तिथे भिंत होती की माणूस."