चौथ्या क्रमांकावरची पट्टी

मी तेव्हा सिंदी मेघेला राहत होते आणि केळझरच्या अलीकडच्या एका गावात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवत होते. सकाळची एसटी चुकली की दिवस चुकला, अशी ती नोकरी. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. शाळेला प्रयोगशाळा नव्हती. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असायची, एवढंच.

त्या कपाटात पीएच पट्ट्यांचं एकच पुस्तक होतं. चेकबुकासारखं, बोटभर लांबीच्या पिवळट कागदी पट्ट्यांचं. पट्टी द्रवात बुडवायची, बाहेर काढून लगेच पाहायची. द्रव आंबट असेल तर ती नारिंगी, लाल होते. ना आंबट ना खारा असेल तर हिरवी. सोड्यासारखं काही असेल तर निळी-जांभळी. पुस्तकाच्या आतल्या बाजूला एक ते चौदा आकड्यांचे रंगीत चौकोन छापलेले असतात, त्यांच्याशी रंग जुळवायचा. पण पट्टी वाळत गेली की रंग बदलतो. पुस्तकात जेमतेम आठ पट्ट्या उरल्या होत्या आणि आठवीत पन्नास मुलं. म्हणून मी ठरवलं, आठ गट करायचे, प्रत्येक गटाला एक द्रव, प्रत्येक पट्टीचा ओली असतानाच फोटो काढायचा आणि मग सगळे फोटो शेजारी मांडून वर्गानं मिळून आंबटपणाचा क्रम लावायचा. प्रजासत्ताक दिनाला शाळेत छोटं प्रदर्शन असे, तिथे तो तक्ता लावता आला असता.

माझ्या दिराकडे चांगला कॅमेरा होता, जवळून फोटो काढता येणारा. तो मी मागून आणला. ओल्या पट्टीवर फ्लॅशचा पांढरा डाग पडायचा, म्हणून फ्लॅश बंद ठेवला. पांढऱ्या कागदावर पट्टी, शेजारी पुस्तकातले रंगीत चौकोन, कॅमेरा वह्यांच्या थप्पीवर टेकवलेला. पहिल्या दिवशी दुपारी खिडकीशी सहा पट्ट्या झाल्या. लिंबू, चिंचेचं पाणी, ताक, दूध, खाण्याचा सोडा आणि शाळेच्या हातपंपाचं पाणी. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. खिडकीशी उजेड पुरेना. मग कोपऱ्यातल्या बल्बखाली बाक सरकवून उरलेल्या दोन पट्ट्या केल्या, धुण्याचा सोडा आणि विहिरीचं पाणी.

ही विहीर शाळेच्या मागच्या अंगाला, बौद्धवस्तीला लागून होती. दिवाळीनंतर हातपंप थेंब थेंब द्यायचा, तेव्हा शाळेचा शिपाई याच विहिरीचं पाणी आणून पिण्याचा ड्रम भरायचा. किती वर्षं तसं चाललं होतं कोण जाणे. विहीर जवळ होती, पाणी गोड होतं. गावात त्याबद्दल कोणी उघड काही बोलत नसे. विहिरीच्या पाण्याचा गट त्याच वस्तीतल्या एका मुलीचा होता. हडकुळी, फार न बोलणारी, पण वहीत नेटकं लिहिणारी.

रोल धुऊन वर्ध्याच्या स्टुडिओतून फोटो आले. वर्गात टेबलावर आठही मांडले. आणि विहिरीच्या पाण्याची पट्टी पिवळी दिसली. दुधापेक्षाही पिवळी, जवळजवळ ताकाकडे झुकणारी.

ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमची पट्टी हिरवी होती. मी पाह्यली होती."

तिच्या वहीत तसं लिहिलेलंही होतं, "रंग हिरवा". त्या दोन्ही दिवशी आम्ही घाईत होतो, मी स्वतः प्रत्येक पट्टी नीट निरखली नव्हती. मी तिला सांगितलं की डोळ्यांची चूक होऊ शकते, फोटो खोटं बोलत नाही. पाण्यात थोडा आंबटपणा असू शकतो, त्यात वाईट काही नाही. तिनं "हिरवा" शब्दावर रेघ मारून "पिवळसर" लिहिलं. मी उभी राहून ते लिहून घेतलं, हे मला आजही आठवतं.

तक्त्यावर क्रम असा लागला. लिंबू, चिंच, ताक, चौथ्या क्रमांकावर विहिरीचं पाणी, मग दूध, मग हातपंपाचं पाणी, मग दोन्ही सोडे. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "जास्त आम्लधर्मी ते कमी आम्लधर्मी".

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर पालक वर्गातून फिरले. शाळा समितीवर एक किराणा दुकानदार होते, गावात त्यांच्या शब्दाला वजन. ते तक्त्यापुढे बराच वेळ थांबले. मला बोलावून विचारलं, आम्लधर्मी म्हणजे काय. मी सांगितलं, आम्ल असलेलं, आंबट.

"म्हणजे ॲसिड," ते म्हणाले.

मी घाईनं म्हटलं की तसं नाही, लिंबातही आम्ल असतं, आपण ते रोज खातो. त्यांनी मान डोलावली आणि विहिरीच्या फोटोवर बोट ठेवून शेजारच्या माणसाला काहीतरी सांगितलं.

सोमवारी निम्मी मुलं घरून पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. मंगळवारी आणखी. बुधवारी शिपाई माझ्याकडे येऊन म्हणाला, ड्रम भरू नको असं मुख्याध्यापक साहेबांनी सांगितलं. बाटल्या न आणणारी मुलं कोणत्या वस्तीतली होती, हे पाहायला मला वर्गाकडे दोनदा बघावं लागलं नाही. मधल्या सुट्टीत ती मुलं आपापल्या घरी जाऊन पाणी पिऊन येत. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. एका कारणाची वाट पाहत असलेल्या माणसांना ते मिळालं होतं, आणि ते मी दिलं होतं, रंगीत फोटोसकट.

त्या आठवड्यात ती मुलगी तास संपल्यावर थांबली. तिनं तक्ता जवळून पाहायला मागितला. विहिरीच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, याच्यातला कागद पाहा ना. कागदही पिवळाच आहे."

मी पाहिलं. पट्टीखालचा कागद आम्ही सगळीकडे एकच वापरला होता, कोऱ्या वहीचा पांढराशुभ्र. खिडकीशी काढलेल्या फोटोंत तो पांढरा होता. या फोटोत तो लोण्यासारखा पिवळा. बल्बचा उजेड मुळातच पिवळा असतो. आपले डोळे ते सावरून घेतात, आपल्याला कागद पांढराच दिसतो. कॅमेऱ्यातला रोल सावरत नाही. त्या उजेडानं कागद पिवळा केला होता, तसाच हिरव्या पट्टीलाही पिवळा केला होता. स्टुडिओच्या मशीननंही ते पुरतं दुरुस्त केलं नव्हतं.

आणि शेजारी रंगाचे चौकोन होते. त्याच फोटोत, त्याच उजेडात. मी जाड काळ्या कागदाला दोन खिडक्या पाडल्या, एकीतून फक्त पट्टी दिसेल, दुसरीतून एक चौकोन. मग चौकोन सरकवत गेले. सहाचा जुळला नाही. सातचा चौकोन त्या फोटोत पिवळसर दिसत होता, पट्टी त्याच्यापेक्षा किंचित गडद. सात आणि आठच्या मधली. मग हातपंपाचा फोटो घेतला, तसंच केलं. तीही सात आणि आठच्या मधली. दोन्ही पाणी एकच.

एका फोटोतली पट्टी दुसऱ्या फोटोतल्या पट्टीशी लावायची नसते. पट्टी तिच्याच फोटोतल्या चौकोनाशी लावायची, आणि मग मिळालेले आकडे एकमेकांशी. ही गोष्ट मला आधी कळायला हवी होती. ती मला तेरा वर्षांच्या मुलीनं दाखवली, जिची बरोबर नोंद मी खोडायला लावली होती.

मी तक्ता घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. ते सज्जन माणूस होते, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांनी काळ्या कागदाच्या खिडक्यांतून पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि कागद खाली ठेवला.

"तुमचं बरोबर असंल बाई," ते म्हणाले. "पण आता हे वाढवू नका. लोकं म्हणतील, बाई वस्तीच्या बाजूनं बोलून राह्यल्या."

मी समितीच्या त्या दुकानदारांच्या दुकानातही गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, फोटो हातात धरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पहिल्या वेळी तुम्हीच फोटो खरा म्हणून तक्त्यावर लावला. आता तुम्हीच सांगता फोटो खोटा. मी म्हटलं, फोटो खोटा नाही, तो पाहायची पद्धत चुकली. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी फोटो परत दिला आणि आलेल्या गिऱ्हाइकाला तूरडाळ मोजू लागले. मी चहा संपवून निघाले.

पट्ट्यांचं नवं पुस्तक वर्ध्यात मिळालं नाही. नागपूरहून यायला तीन आठवडे लागले. आल्या दिवशी मी दोन्ही पाणी एकसारख्या काचेच्या पेल्यात घेतली, अंगणात सावलीच्या मोकळ्या उजेडात, सगळ्या वर्गासमोर. दोन मुलांनी एकाच वेळी पट्ट्या बुडवल्या. दोन्ही सारख्याच हिरव्या झाल्या, किंचित निळसर झाक असलेल्या. मुलांनी पाहिलं, वहीत लिहिलं. कोणत्या पेल्यात कोणतं पाणी हे कोणालाच ओळखता आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाटल्या आणणारी सगळी मुलं पुन्हा आपापल्या बाटल्या घेऊन आली.

मी तक्ता दुरुस्त केला. विहिरीचं पाणी चौथ्यावरून काढून हातपंपाच्या शेजारी लावलं, खाली कारण लिहिलं. पण प्रदर्शन होऊन महिना झाला होता. तक्ता वर्गाच्या मागच्या भिंतीवर होता, तिथे पालक येत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात शाळेला बोअर मारून मिळाली आणि सगळे म्हणाले, बरं झालं. ड्रम परत त्या विहिरीवर कधी गेला नाही.

बोअर होण्याच्या आधी एकदा त्या मुलीचे वडील शाळेत आले होते. सेवाग्रामच्या दवाखान्यात वॉर्डात कामाला होते, डबल ड्यूटी करून थेट आलेले, डोळे लाल. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, पाणी चांगलं आहे का. मी सांगितलं की पट्टीवरून आंबटपणा कळतो, बाकीचं नाही. पण आंबटपणाच्या बाबतीत दोन्ही पाणी एकच आहे, आणि पहिली चूक माझी होती.

"हे लिहून देता का मले?" ते म्हणाले.

मी शाळेच्या कोऱ्या कागदावर लिहिलं, दोन्हीचे आकडे लिहिले, चूक कशी झाली तेही, आणि सही केली. मुख्याध्यापकांकडे शाळेचा शिक्का मागू नये हे मला कळत होतं, त्यांनाही. त्यांनी कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

मी विचारलं, कोणाला दाखवणार.

"ते नाई मालूम," ते म्हणाले. "पण ठेवतो."