बारा किलोमीटर, वीसच्या वेगाने

दाजी ट्रक चालवतात. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, ते यजमान. घर निपाणीला. ज्या सकाळची ही गोष्ट आहे त्या वेळी ते नेलमंगलच्या एका वाहतूक कंपनीत चार वर्षे नोकरी करत होते आणि चारही वर्षे चेन्नईच्या लाइनवर होते. निपाणीला जाणे दीड-दोन महिन्यांतून एकदा व्हायचे. त्यांना पुण्याची लाइन हवी होती, कारण पुण्याचा रस्ता निपाणीवरून जातो. जाताना एक जेवण आणि येताना एक जेवण घरी, एवढीच त्यांची मागणी होती. कंपनीच्या सुपरवायझरने अखेर तीन फेऱ्या चाचणीला दिल्या. तिन्ही वेळेवर पोचल्या तर लाइन कायम. दोन पोचल्या होत्या. ही तिसरी होती.

पुण्याहून आणलेला माल पंपांच्या सुट्या भागांचा होता आणि नेलमंगलच्या पुढे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्याच्या गेटमधून सकाळी साडेदहापूर्वी आत न्यायचा होता. मी तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. आदल्या रात्री मी राजाजीनगरला एका सहकाऱ्याकडे मुक्कामाला होतो. अक्काने निपाणीहून दाजींबरोबर माझ्यासाठी डबा दिला होता. तुमकूर रस्त्यावर तुला घेतो, डबाही मिळेल आणि घरही गाठशील, असे दाजींनी फोनवर सांगितले. केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला बसवायला कंपनीची बंदी आहे, हे त्यांनी सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

केबिनमध्ये चढलो तेव्हा डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकत होता. दाजींनी तो टॉवेलच्या टोकाने पुसला, जणू पुसल्याने जाईल. यूरिया संपत आलाय, म्हणाले. हुबळीच्या यार्डात मिळाला नव्हता. नेलमंगलच्या यार्डातले यूरियाचे पिंप पहाटेच रिकामे झाले होते. बाहेरच्या पंपावरून घ्यायचा नाही, असा सुपरवायझरचा हुकूम होता. कुठल्यातरी ढाब्यावर भेसळीचा यूरिया भरून कंपनीची एक गाडी बिघडली होती, तेव्हापासूनचा. माल उतरवून या, तोवर पिंप येईल, असे त्याने दाजींना फोनवर सांगितले होते.

मी वर्तमानपत्रात काम करतो, त्यामुळे विषयाची जुजबी माहिती होती. नव्या डिझेल ट्रकना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी, लहान टाकी असते. तिच्यात शुद्ध पाण्यात विरघळवलेला यूरिया असतो. तो इंजिनात जात नाही. इंजिनातून निघालेल्या तापलेल्या धुरावर त्याचा फवारा पडतो, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकावर हा अमोनिया धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करून टाकतो. टाकी रिकामी झाली म्हणून इंजिनाचे काही बिघडत नाही. पण मग मालक यूरिया भरणारच नाहीत, म्हणून कायद्याने गाडीच्या संगणकाला गाडी अडवायला शिकवले आहे. आधी दिवा लागतो, नंतर ताकद कमी होते. त्याच्या पुढचे मला माहीत नव्हते.

ताकद कमी झालेली मी पाहिली. शहराबाहेरून जाणाऱ्या टोल रस्त्यावरच्या साध्या चढालाही दाजींना दोन गिअर उतरावे लागत होते. भरलेली गाडी कण्हत चढायची आणि मागून कारवाले हॉर्न वाजवायचे. एका चढावर पिवळ्याच्या जागी लाल दिवा आला. टाकी संपली होती. दाजींनी घड्याळ पाहिले. नऊ वाजून पंचवीस. “बसतंय टायमात,” ते म्हणाले. “लाइन मिळाली म्हणून आज अक्काला फोन तूच लाव बघ. माझ्यावर तिचा इस्वास न्हाई.”

बन्नेरघट्टा रस्त्याच्या पुढे गाड्या थांबल्या. एक कंटेनर आडवा होऊन बंद पडला होता. पाचेक मिनिटे कोणी हलेना, तेव्हा दाजी हँडब्रेक लावून उतरले आणि काय झाले ते बघायला पुढे गेले. इंजिन चालूच ठेवले. त्या महिन्यात आमच्या पानावर ‘सिग्नलला थांबलात तर इंजिन बंद करा’ अशी मालिका चालू होती. तिचे संपादन माझ्याकडे होते. समोर रस्ता बंद, मागे रांग, खाली थरथरणारे इंजिन. मी हात लांब करून किल्ली फिरवली. शांतता झाली, ती मला बरी वाटली.

दाजी परत आले ते पळतच, कारण कंटेनर बाजूला झाला होता. दार उघडून ते पायरीवरच थांबले.

“गाडी कुणी बंद केली?”

मी केली, म्हणालो. उगाच धूर कशाला.

ते चढले, किल्ली फिरवली, इंजिन लगेच सुरू झाले. गिअर टाकला, पाय पूर्ण दाबला. काटा वीसवर गेला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी मला सांगितले, चिडून नव्हे, शिकाऊ माणसाला सांगावे तसे. टाकी रिकामी झाली तरी चालती गाडी संगणक अडवत नाही. भररस्त्यात अपघात होईल म्हणून. ती रडतखडत का होईना चालते. पण एकदा बंद करून पुन्हा चालू केली की वीसच्या वर जात नाही, टाकी भरेपर्यंत. टाकी कधी संपेल याचा नेम नव्हता, म्हणून ते पहाटेपासून इंजिन बंद न करता आले होते. चहासुद्धा खिडकीतून घेतला होता.

बारा किलोमीटर उरले होते. चारी दिवे लुकलुकवत आम्ही डाव्या कडेने चाललो. दुचाकीवाले वळून बघत होते. वाटेत यूरिया मिळेल असा पंप नव्हता. यूरियाशिवाय चालणारी ती गाडी जास्त वेळ रस्त्यावर राहून जास्त विषारी धूर सोडत होती. हे त्या वेळी सुचले नाही. नंतर सुचले.

कारखान्याच्या अलीकडच्या चौकात दाजींनी मला उतरवले आणि डबा हातात दिला. गाडी गेटवर दहा चाळीसला पोचली. पहारेकऱ्याने घड्याळ दाखवून दुपारच्या पाळीत ये म्हटले. कारखान्याची तक्रार संध्याकाळपर्यंत नेलमंगलला गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना म्हणालो की मी येऊन सुपरवायझरला सांगतो, किल्ली मी फिरवली.

“अजिबात येऊ नगंस,” ते म्हणाले. “उशिराला लाइन जाते. बाहेरचा माणूस बसवला म्हणून कळलं तर नोकरी जाईल.”

सुपरवायझरसमोर गाडीच्या यंत्राने पाठवलेला अहवाल होता. इंजिन कुठे आणि किती वाजता बंद झाले, हे त्यात लिहिलेले होते. का बंद केलीस, असे त्याने विचारले. दाजी म्हणाले, चुकून. चार वर्षे गाडी चालवणाऱ्याला एवढे कळत नाही का, असे तो चार माणसांत म्हणाला. हुबळीत आणि नेलमंगलमध्ये पिंपे रिकामी का होती, हे कोणी कोणाला विचारले नाही. पुण्याची लाइन दुसऱ्याला मिळाली. दाजी पुन्हा चेन्नईला जाऊ लागले.

अक्काचा फोन महिन्याभराने आला. लाइन हातातोंडाशी आली होती ती ह्यांनीच घालवली, म्हणाली. यूरिया नसताना गाडी बंद करू नये हे क्लीनरलाही ठाऊक असतं म्हणे, ह्यांना कसं नाही? “तू शिकलेला हायस, पेपरात लिहितोस,” ती म्हणाली. “जरा समजावून सांग त्यांना. तुझं ऐकतात.”

सांगतो, म्हणालो.