तिसरा रकाना

वकिलीची सनद घेऊन मी वसईत आलो तेव्हा माझ्याजवळ एक काळा कोट, एक वळकटी आणि भरपूर घमेंड होती. कोर्टापासून पाच मिनिटांवर खोली मिळाली. जेवण खानावळीत. गावात माझं नात्याचं कोणी नव्हतं आणि ओळखीचे होते ते सगळे कोर्टातले, म्हणजे कोर्ट सुटलं की संपले. सुट्टीच्या दिवशी मला फार एकटं वाटायचं. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं कोणी असतं तर एकटं वाटलंच नसतं.

त्या रिकाम्या वेळातच मला पहिली खबर नीट वाचायची सवय लागली. माणूस ठाण्यात जाऊन पहिल्यांदा जी हकीकत सांगतो, ती जमादार लिहून घेतो, वाचून दाखवतो आणि खाली सही किंवा अंगठा घेतो. खटल्याचा पाया तोच. पुढे साक्षीत माणूस कितीही फिरला तरी हा कागद जागचा हलत नाही. त्याची नक्कल मिळाली की मी फुलस्केपवर तीन रकाने आखायचो. पहिल्यात फिर्यादी काय म्हणतो, तेवढंच. खरं की खोटं हे तिथे लिहायचं नाही. दुसऱ्यात पोलिसांनी लावलेली कलमं, आणि प्रत्येक कलमाला जे जे लागतं ते पहिल्या रकान्यात आहे का, याच्या खुणा. तिसऱ्यात, कागदात काय नाही ते. जुने वकील माझ्या रकान्यांना हसायचे. एक जण म्हणाले, "काय हो, पत्रिका मांडताय की काय?" हसोत बापडे. मला कोणाशी तरी बोलल्यासारखं वाटायचं.

वसईजवळच्या उमेळ्याचे एक म्हातारे बागायतदार माझ्याकडे आले ते असेच एप्रिलातल्या एका दुपारी, हातात काठी आणि अंगात धुतलेला पांढरा सदरा. गावातली ख्रिस्ती मंडळी वसईतल्या मोठ्या वकिलांकडे जायची, माझ्याकडे ज्यांना ते परवडत नसत तीच यायची. या बाबांवर (गावात सगळे त्यांना बाबाच म्हणत) त्यांच्या सख्ख्या पुतण्याने चोरीची फिर्याद दिली होती. पाद्र्यांच्या शब्दावर गावातला एक जण जामीन राहिला म्हणून बाबा बाहेर होते. गुडघे इतके दुखत होते की माझे दोन जिने चढायला त्यांना पाव तास लागला, आणि वर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "जेलाचं मला काय नाय, वकीलसाहेब. पन त्या दिशी मी चोरी केली असं गावात म्हनतात, ते पुसून द्या."

कुठला दिवस, हे मी विचारलंसुद्धा नाही. मला कागद हवा होता.

दोन दिवसांनी नक्कल मिळाली. पहिला रकाना सरळ होता. शुक्रवारी सायंकाळच्या सुमारास, चर्चची घंटा झाल्यावर, फिर्यादी घरामागच्या केळीच्या बागेत गेला. तिथे त्याचा काका कोयत्याने घड कापत होता. फिर्यादीने हटकलं तेव्हा काकाने कोयता उगारून जिवे मारीन म्हटलं आणि सात घड घेऊन गेला. खबर सोमवारी दिली. दुसऱ्या रकान्यात तीन कलमं: तीनशे एकोणऐंशी, चोरी; चारशे सत्तेचाळीस, दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गैरहेतूने शिरणं; पाचशे सहा, धमकी.

तिसरा रकाना भरायला मला मजा आली. शुक्रवारची गोष्ट सोमवारी का? ठाणं काही काशीला नव्हतं. सात घड काठी टेकत चालणाऱ्याने नेले कसे, आणि कुठे? एकही घड सापडल्याचं नाही. फिर्यादीखेरीज पाहणारा कोणी नाही. बाग कोणाची, ते लिहिलेलं नाही. एक गोष्ट मात्र मी पेन्सिलीने बारीक लिहिली आणि तोंड मिटून बसलो. माल नेण्यासाठी कोयत्याचा धाक घातला असेल तर ती साधी चोरी राहत नाही, जबरी चोरी होते आणि शिक्षा वाढते. जमादाराने चोरी वेगळी आणि धमकी वेगळी लावली होती. ही फट दाखवून आपल्याच अशिलाच्या पायावर धोंडा कोण पाडेल?

बाबा पुन्हा आले तेव्हा बागेचं विचारलं. बाग समाईक होती. भाऊ गेल्यावर वाटणी झाली नव्हती. घर तेवढं भिंत घालून दोन केलं होतं. मी खूश झालो. म्हणालो, "बाबा, घड तुम्ही कापले असतील तर खुशाल तसं सांगा. समाईक बागेत आपला हक्क समजून कापले, तर ती चोरीही नाही आणि आत शिरणंही नाही. दोन कलमं गेलीच समजा."

म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. "मी कापले नाय! त्या दिशी कोयत्याला हात लावीन मी? वाचा, काय लिवलंय ते वाचा."

मी वैतागून पहिल्यापासून वाचायला लागलो. "चर्चची घंटा झाल्यावर" पर्यंत आलो आणि बाबांनी हात वर केला.

"कोनती घंटा?"

"संध्याकाळची असेल. तुमच्याकडे वाजते ना?"

"रोज वाजते. त्या शुक्रवारी नाय. गुड फ्रायडे व्हता. बेस्तवारी घंटा बंद होते ती शनवारीच वाजते. मध्ये लाकडाचा खटखटा फिरवतात."

मी तारीख पाहिली. खबर किती दिवस उशिरा आली हे मोजण्यापलीकडे मी त्या तारखेकडे पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती, खानावळ बंद होती, आणि मी दिवसभर खोलीत पडून पोळीगूळ खाल्ला होता. जमादार घाटावरचा. या गावांतला प्रत्येक जण वेळ सांगताना घंटा सांगतो, म्हणून त्याचा हात सवयीनेच घंटा लिहून गेला असणार.

"मग त्या वेळी तुम्ही होता कुठे? मिरवणुकीत?"

बाबांनी मान हलवली. बायको होती तोवर दोघं पुतण्याच्या बैलगाडीतून देवळात जायची. देऊळ म्हणजे चर्च. तिथली माणसं देऊळच म्हणतात. ती गेल्यावर हे पहिलंच वर्ष. ते दुपारपासून सदरा घालून ओट्यावर बसले होते. गाडी गेली. मागून शेजारी गेले. ज्याला त्याला वाटलं, म्हातारा पुढे गेला असेल.

"मला न्यायला कोन आलं नाय," ते म्हणाले.

मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: आरोपी त्या वेळी घरी. पाहणारा कोणी नाही. त्याच संध्याकाळी मी कुठे होतो असं कोणी विचारलं असतं, तर माझ्याही रकान्यात हेच आलं असतं.

सुनावणीला अर्धं उमेळं आलं होतं. मागच्या बाकावर पाद्री बसले होते. पुतण्या पिंजऱ्यात उभा राहिला, तिशीचा, घामाघूम. सरकारी वकिलाने घेतलेल्या सरतपासणीत त्याने कागदाबरहुकूम सगळं सांगितलं. मग मी उठलो.

"घंटा झाल्यावर तुम्ही काकांना पाहिलंत?"

"व्हय."

"गुड फ्रायडेला उमेळ्यात घंटा वाजते?"

मागे कुजबुज झाली. पुतण्याचे कान लाल झाले. "नाय."

"मग ही कोणती घंटा?"

"ते जमादारांनी लिवलं. मी घंटा बोललो नाय."

"खबर वाचून दाखवली, बरोबर आहे म्हणून तुम्ही सही केलीत. ही तुमचीच ना?"

"व्हय."

"मिरवणूक चालू होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं. बागेत होतो म्हणावं तर गुड फ्रायडेला देवळात नव्हतो असं पाद्र्यांदेखत कबूल करायचं. देवळात होतो म्हणावं तर पाहिलं काय? त्याने मान खाली घातली. "देवळात. परत आलो तर घड नव्हते. घरी काकाशिवाय कोन नव्हतं, म्हनून वाटलं... जमादार म्हनाले, पाहिलं म्हन, नायतर केस उभी राहनार नाय."

खटला तिथेच संपला होता. अशा वेळी वकिलाने बसायचं असतं. जुन्यांनी मला हे शंभरदा बजावलं होतं. पण माझं डोकं फिरलं होतं, आणि ते कशाने फिरलं होतं ते फक्त मला ठाऊक होतं.

"घरी काका आहेत हे तुम्हाला माहीत होतं. गाडी जुंपलीत तेव्हा त्यांना हाक मारलीत?"

"नाय."

"कोणीच मारली नाही?"

मॅजिस्ट्रेट साहेबांनी वर पाहिलं. "वकील, या प्रश्नाचा खटल्याशी संबंध काय?"

"काही नाही, साहेब," मी म्हणालो आणि बसलो.

पुढच्या तारखेला बाबा निर्दोष सुटले. मी मोठ्या ऐटीत त्यांच्यासाठी टांगा थांबवून ठेवला होता. ते टांग्यात बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्यासमोर उभे राहिले.

"ते शेवटचं कशाला विचारलंत?"

मी टांग्याची पायरी दाखवली. "आधी बसा तरी, बाबा."

"चोर म्हनत व्हते ते खोटं व्हतं, तुम्ही पुसलंत. हे खरं व्हतं. हे मी कोनाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं, ते केशीसाठी. आता सगळं गाव माझ्याकडे बघते आनि चुकचुकते." आणि ते उन्हातून पायी निघाले. मी हाका मारल्या, टांगेवाल्याने मारल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. मला इतकी लाज वाटली की तो टांगा तसाच रिकामा परत पाठवला.

वर्ष गेलं. गुड फ्रायडेची सुट्टी आली, खानावळ बंद झाली. दुपारी खोलीत पडल्यापडल्या मला तो ओटा दिसायला लागला. माफी मागायची की नुसतं जाऊन बसायचं, हे ठरलं नव्हतं, पण मी कोट चढवला आणि उमेळ्याला गेलो.

गाव रिकामं होतं. बाबांच्या दाराला कडी होती. ओट्यावर कोणी नव्हतं. मग अंगणातल्या धुळीत गाडीच्या चाकोऱ्या दिसल्या. त्या पुतण्याच्या दाराकडून निघून, वळसा घेऊन, थेट बाबांच्या पायरीपाशी आल्या होत्या आणि तिथून देवळाच्या वाटेला लागल्या होत्या. पायरीजवळ काठीच्या टोकाची भोकं होती आणि बाजूला दोन माणसांची पावलं. गाडीत चढवायला दोघे लागले असणार.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आता परत जायला हरकत नव्हती, पण जायचं कुठे? मी बाबांच्या जागी ओट्यावर बसलो. दूरवरून लाकडी खटखटा ऐकू येत होता. मिरवणूक परतायच्या आत उठायला हवं होतं, नाहीतर लोकांनी विचारलं असतं, वकीलसाहेब, तुम्ही इथे एकटेच कसे? तरी मी बराच वेळ तिथे बसून राहिलो.